फुलपाखराची ओळ आणि वहीवाल्या ताई

डिसेंबर १९७२ची गोष्ट. अमेरिकन असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेचं अधिवेशन वॉशिंग्टनला भरणार होतं. त्यातल्या हवामानावरच्या एका सत्राचे संयोजक होते फिलिप मेरिलीस. कार्यक्रमपत्रिका छापायला द्यायची वेळ झाली, पण एका वक्त्याने भाषणाचं शीर्षकच कळवलेलं नव्हतं. वक्ते होते एमआयटीचे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ. त्यांच्याशी वेळेत संपर्क होईना, तेव्हा मेरिलीस यांनी स्वतःच शीर्षक लिहून टाकलं : ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख फडफडवले, तर टेक्सासमध्ये टोर्नेडो उठेल का?

‘बटरफ्लाय इफेक्ट’ हा शब्द आज ज्यांच्या कानावर आहे, त्यांच्यापर्यंत तो मुख्यतः त्या एका ओळीमुळे पोचला. लॉरेंझ यांनी १९६३ साली लिहिताना समुद्रपक्ष्याच्या पंखांचं उदाहरण घेतलं होतं. त्याची आठवण आता अभ्यासकांनाच असेल. लोकांच्या मनात राहिलं ते फुलपाखरू, आणि ते वक्त्याचं नव्हतं. कार्यक्रमपत्रिका तयार करणाऱ्या माणसाचं होतं.

परिषदेची पत्रिका लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ही हकिगत माझ्या डोक्यात होती. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या एका गटाने ‘हवामान आणि शेती’ या विषयावर एक दिवसाची परिषद ठरवली. पाच वक्ते, एक उद्घाटक, मंगल कार्यालयाचा हॉल, दुपारी जेवण. वक्ते कोण हे ठरलं होतं. ते जाहीर करणारा मजकूर मी लिहायचा होता, आणि गटातल्या मंडळींची अट एकच होती : प्रत्येक वक्त्यापुढे एक ओळ हवी. त्याचं भाषण का ऐकावं हे त्या ओळीतून कळलं पाहिजे.

अशा पत्रिका मी यापूर्वीही लिहिल्या आहेत आणि त्या सगळ्या चुकलेल्या होत्या, हे मला आता कळतं. ज्येष्ठ अभ्यासक, प्रसिद्ध तज्ज्ञ, प्रयोगशील शेतकरी. अमुक विषयावर मार्गदर्शन करणार आहेत. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे. या मजकुरात खोटं काही नसतं. पण तो वाचून एखाद्याने सकाळची फवारणी लवकर उरकून पंचवीस किलोमीटर गाडी मारत यावं, असंही त्यात काही नसतं. ‘मार्गदर्शन’ हा शब्द पाचही वक्त्यांच्या नावापुढे चालतो. जो शब्द पाचही जणांना चालतो, तो त्यांतल्या एकाबद्दलही काही सांगत नाही.

म्हणून यावेळी मी एक साधी कसोटी ठरवली. ओळ लिहायची, वक्त्याच्या नावावर अंगठा ठेवायचा आणि ओळ पुन्हा वाचायची. ती दुसऱ्या कुणाच्या नावापुढे खपली, तर खोडायची. वक्त्यांनी पाठवलेल्या शीर्षकांवरून लिहिलेल्या माझ्या पहिल्या पाचही ओळी या कसोटीत गेल्या. कारण शीर्षकंच तशी होती. ‘हवामान अंदाज : सद्यःस्थिती व आव्हाने’, ‘पीक विमा : योजना व अंमलबजावणी’ आणि बागाईतदार ताईंनी दिलेलं नुसतं ‘माझा अनुभव’. शीर्षकातून ओळ निघत नाही, ती माणसाशी बोलल्यावर निघते. मग मी पाचही जणांना फोन केले आणि प्रत्येकाला एकच विचारलं : तुमचं भाषण ऐकून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी कोणती गोष्ट वेगळी करेल?

पहिला फोन लावला तो निवृत्त हवामानतज्ज्ञांना. सर बराच वेळ उपग्रह, रडार आणि संगणकीय प्रारूपांबद्दल बोलले. बोलता बोलता सहज म्हणाले, ‘‘लोकांना अंदाजातले शब्दच वाचता येत नाहीत हो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हटलं की त्यांना वाटतं, थोडासा पाऊस.’’ मी तेवढं पकडलं. ओळ लिहिली : ‘‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमका किती पाऊस, हे समजून घ्या.’ छान वाटली म्हणून त्यांना वाचून दाखवली.

सर म्हणाले, ‘‘ही चुकीची आहे. मी तुम्हाला जे सांगत होतो, त्याच्या बरोबर उलट.’’

मग त्यांनी शांतपणे समजावलं. हवामान खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ हे शब्द पाऊस किती पडेल हे सांगतच नाहीत. दिलेल्या भागातल्या किती ठिकाणी तो पडेल, हे ते सांगतात. तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. त्या पाव भागात तुमचं शेत आलं, तर तिथे धो धोही कोसळू शकतो. पावसाच्या जोरासाठी ‘हलका’, ‘मध्यम’, ‘जोरदार’ हे शब्द वेगळे असतात. म्हणजे माझी ओळ आकर्षक होती आणि त्यांच्या भाषणाचा मुद्दाच ती उलटा सांगत होती. ती तशीच छापली गेली असती, तर हॉलमध्ये बसलेल्या माणसाने पहिली पाच मिनिटं भाषण आणि पत्रिका यांचा मेळ घालण्यात घालवली असती. शेवटी ठरलेली ओळ अशी : ‘‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाहीत, मग ते काय सांगतात, हे ऐकायला या.’

त्या दिवसापासून ओळ वक्त्याला वाचून दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं मी ठरवलं. यात मानाचा प्रश्न नाही. लिहिणारा माणूस विषयाच्या बाहेरचा असतो, आणि त्याला जे सगळ्यांत चटकदार वाटतं ते बऱ्याचदा अर्धवट ऐकलेलं असतं.

फुलपाखराच्या ओळीचंही थोडं असंच आहे. ती चुकीची नव्हती. लॉरेंझ यांनी तो प्रश्न भाषणात खरोखर हाताळला, म्हणून ती प्रामाणिकही होती. पण त्यांनी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं दिलं नाही, तो खुलाच ठेवला. त्यांचं म्हणणं असं होतं की, एका फडफडीने टोर्नेडो उठू शकत असेल, तर त्याच फुलपाखराच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रत्येक फडफडीने, शिवाय जगातल्या इतर असंख्य फुलपाखरांच्या पंखांनीही तो उठू शकतो. आणि जी फडफड टोर्नेडो उठवू शकते, ती तो टाळूही शकते. त्यांचा रोख होता अंदाजाच्या मर्यादेवर : सुरुवातीच्या मोजमापात राहिलेली बारीकशी चूक वाढत जाते आणि त्यामुळे हवामान फार पुढचं नेमकं सांगता येत नाही. सभागृहात बसलेल्यांना हे कळलं. पण ओळ सभागृहाबाहेर गेली, भाषण गेलं नाही. आज पुष्कळ लोक फुलपाखरू वादळ आणतं असंच समजतात. पत्रिकेतली ओळ भाषणापेक्षा खूप जास्त लोक वाचतात. जे येणार नाहीत, तेही ती वाचतात. म्हणून भाषण न ऐकता नुसती वाचली, तरी तिने चुकीचं काही शिकवता कामा नये.

विजेवर बोलणाऱ्या वक्त्यांनी मला याच कारणासाठी थांबवलं. ते विज्ञानाचे शिक्षक आहेत आणि पावसाळ्याआधी गावोगाव जाऊन विजेपासून बचावाची माहिती देतात. त्यांच्यासाठी मी लिहिलं होतं : ‘उघड्या रानात विजा कडाडत असतील तर उकिडवं बसून जीव वाचवा.’ ते म्हणाले, ‘‘ओळ वाचून माणूस आलाच नाही, तर काय शिकेल? उकिडवं बसलं की झालं. पण तो शेवटचा उपाय आहे. पक्कं घर किंवा बंद गाडी जवळ असताना रानात बसून राहिला, तर?’’ त्यांचा मूळ मुद्दा वेळेचा होता. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा हातातलं काम टाकून निघायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. मग ओळ झाली : ‘वीज चमकली की आकडे मोजायला लागा, तीसच्या आत गडगडाट आला तर काम टाकून घर का गाठायचं, ते हे सर सांगतील.’ ही ओळ वाचून जो आला नाही, त्याच्याही हाती काहीतरी लागलं.

काही लोकांना हे पटत नाही. सगळं ओळीतच सांगितलं तर माणूस येईल कशाला, असं ते म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. ‘एक धक्कादायक सत्य ऐका’ असं लिहून काही झाकून ठेवलं की शेतकरी माणूस ते विक्रेत्याचं बोलणं समजतो, आणि त्याचं बरोबर असतं. थोडं खरं हातात दिलं की उरलेलं ऐकावंसं वाटतं.

आता ‘माझा अनुभव’. त्या ताई द्राक्षबाईतदार. शिक्षण बारावी, बोलणं कमी. फोनवर पहिली दहा मिनिटं ‘‘मी काय सांगणार, मोठमोठी माणसं आहेत तिथं’’ हेच चाललं होतं. मी विचारलं, ‘‘ताई, ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी कधी करायची हे तुम्ही कसं ठरवता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘वही बघून.’’

कोणती वही? तर दोनशे पानी, साधी. द्राक्षाच्या वेलीवर केवडा यायला पान काही तास ओलं राहावं लागतं. पाऊस पडला काय किंवा पहाटेचं दव पडलं काय, बुरशीला पानावर पाणी हवं. आजूबाजूचे लोक पाऊस मोजतात, ढग बघतात, पण पान किती वेळ ओलं होतं हे मोजत नाहीत. ताई छाटणीनंतर फूट निघाली की रोज सकाळी सहा, आठ आणि दहा वाजता बागेच्या ठरलेल्या पाच ठिकाणी जातात. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी पानाच्या खालच्या बाजूला टेकवतात. पट्टीवर ओल उमटली की वहीत टिंब काढतात, कोरडी निघाली की आडवी रेघ. एका पानावर महिना मावतो. टिंबं दाट झाली की फवारणीची तयारी. सलग रेघा असतील तर शेजारी फवारत असला तरी त्या थांबतात. ‘‘सगळ्यांना हे जमेल असं नाही,’’ असंही त्या म्हणाल्या. ‘‘पंधरा एकर असेल तर कोण फिरणार? माझी बाग दीड एकर.’’

हे ऐकल्यावर मला ओळ शोधावी लागली नाही. ‘पान किती वेळ ओलं राहिलं, याची टिंबं आणि रेघा असलेली वही घेऊन त्या येणार आहेत, कोणती फवारणी टाळली ते पानं उलटून दाखवतील.’ ताईंना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एकच बदल सुचवला : ‘‘दीड एकराची बाग, हेही घाला. म्हणजे मोठ्या बागेवाला आला तरी मनाची तयारी ठेवून येईल.’’ आम्ही ते घातलं. कुणासाठी उपयोगाचं नाही हे आधीच सांगणारी ती एकच ओळ होती, आणि मला ती पाचांत सर्वांत चांगली वाटते.

कांद्याच्या साठवणुकीवरच्या वक्त्यांचं काम लवकर झालं. चाळीत हवा खालून खेळली नाही तर दमट दिवसांत काय होतं, हे ते मॉडेल ठेवून दाखवणार होते. ओळीत मॉडेलचाच उल्लेख केला. हातात धरता येईल किंवा डोळ्यांनी दिसेल अशी वस्तू असली की ओळ आपोआप दुसरीपेक्षा वेगळी होते.

विम्याच्या वक्त्यांची ओळ मात्र दोनदा लिहावी लागली. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाईचा हिशेब मुख्यतः ठरवून दिलेल्या हवामान केंद्रावरच्या नोंदीवरून होतो. शेतात झालेलं नुकसान डोळ्यांना दिसत असतं, पण केंद्रावर पावसाचा किंवा तापमानाचा आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला नसेल, तर भरपाई लागू होत नाही. त्यावरून ओळ झाली : ‘पाऊस तुमच्या बागेत पडतो, पण मोजला जातो मंडळातल्या केंद्रावर, तिथला आकडा स्वतः कसा बघायचा, ते दाखवतील.’ ओळ पत्रिकेत गेली, फोनवरून सगळीकडे पोचली, आणि परिषदेच्या दोन दिवस आधी त्या वक्त्यांच्या घरी आजारपण निघालं. त्यांच्या जागी दुसरे गृहस्थ यायला तयार झाले. विषय तोच, विमा.

गटातले एक काका म्हणाले, ‘‘नाव बदला, बाकी राहू द्या. विषय तर तोच आहे.’’ अशा वेळी हमखास केली जाते ती चूक हीच. मी नव्या वक्त्यांना फोन केला. त्यांना केंद्रावरच्या नोंदी कुठे आणि कशा बघायच्या, याची नीट माहिती नव्हती. त्यांनी आयुष्य घालवलं होतं अर्जांमध्ये. जुनी ओळ ठेवली असती, तर पन्नास माणसं आकडे बघायला शिकण्यासाठी आली असती आणि वक्ते बिचारे न केलेल्या वचनाचे धनी झाले असते. नवी ओळ लिहिली : ‘सातबारा, ई-पीक पाहणी आणि विम्याचा अर्ज, तिन्हींतलं क्षेत्र जुळलं नाही तर अर्ज कुठे अडतो, ते हे दाखवतील.’ बदललेली पत्रिका पुन्हा पाठवली आणि पहिल्या वाक्यात लिहिलं की विम्याचे वक्ते बदलले आहेत, त्यामुळे त्या भाषणाचा मुद्दाही बदलला आहे. ओळ विषयाची नसते, माणसाची असते.

पाचही ओळी तयार झाल्यावर मी त्या एकाखाली एक लिहून मोठ्याने वाचल्या. एकेकटी वाचताना न दिसलेली गोष्ट लगेच ऐकू आली : तीन ओळी ‘दाखवतील’वर संपत होत्या. वहीचं दाखवणं खरोखर दाखवणं होतं, मॉडेलचंही. म्हणून ती दोन ठेवली आणि विम्याच्या ओळीत ‘सांगतील’ केलं, कारण ते खरोखर फक्त सांगणारच होते.

मग क्रमाचा प्रश्न आला. आपल्याकडे जाहीर पत्रिकेत आधी अध्यक्ष, मग उद्घाटक, मग प्रमुख उपस्थिती, मग स्वागतोत्सुक मंडळी आणि सगळ्यांत खाली, उरलेल्या जागेत वक्ते. छापील कागदावर हे चालून जातं, कारण कागद पूर्ण डोळ्यांसमोर असतो. फोनवर मात्र आलेल्या निरोपाच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर उघडावा लागतो. त्या ओळी मानाच्या नावांत गेल्या, तर वक्त्यांपर्यंत कुणी पोचतच नाही. आम्ही दोन भाग केले. वर वक्त्यांच्या पाच ओळी. त्यांतही पहिली विजेची, कारण बागाईतदार असो की शेतमजूर, रानात जाणाऱ्या प्रत्येकाला ती लागू होती. खाली वेळापत्रक, त्यात उद्घाटक आणि अध्यक्ष मानाने, पूर्ण नावासह. उद्घाटकांपुढे ओळ लिहिली नाही. ते पाच मिनिटं शुभेच्छा देणार होते, आणि शुभेच्छांसाठी ‘का ऐकावं’ याचं कारण बनवलं असतं तर बाकीच्या पाच कारणांवरचा विश्वास उडाला असता. त्यांना हे आधी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, ‘‘बरोबर आहे. मलाही त्या वहीचं बघायचंय.’’

ओळी लागू पडल्या की नाही, हे गर्दीवरून कळत नाही. गर्दी जेवणालाही होते. कळतं ते लोक काय विचारत येतात त्यावरून. पूर्वीच्या कार्यक्रमांत दारावर एकच प्रश्न यायचा : किती वाजता संपेल? यावेळी नोंदणीच्या टेबलावर मी सकाळी नऊपासून बसले होते. एक जण येऊन म्हणाला, त्याला फक्त सातबाऱ्याचं ऐकायचंय, तो दोनला परत येईल. त्याने खरंच दोनला तोंड दाखवलं. एका आजींनी नातवाला पुढे केलं आणि विजेचे आकडे मोजायचं कधी आहे, असं विचारलं. विम्याच्या नव्या वक्त्यांना पहिला प्रश्न आला तो अर्जातल्या क्षेत्राचाच, आणि ते त्यावर चाळीस मिनिटं न अडखळता बोलले.

जेवणानंतरचं सत्र नेहमी रिकामं असतं, म्हणून ताईंची वेळ ती ठेवायला मी तयार नव्हते. पण त्यांना गावाहून येणारी एसटी दुपारचीच सोयीची होती. पावणेतीनला एक उंच, गळ्यात उपरणं टाकलेला माणूस धावत आत आला. हातातला फोन माझ्यापुढे धरला, पत्रिकेतल्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘वहीवाल्या ताईंचं झालं का?’’ मी आत बघितलं. ताई माइकपासून थोड्या लांब उभ्या होत्या. पिशवीतून त्यांनी वही काढली होती आणि पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांनी खुर्च्या पुढे ओढल्या होत्या.